सावलीत व्होल्ट जास्त, उन्हात कमी

घरावर सोलर बसवण्याआधी एका गृहस्थांनी चाचणीसाठी एकच पॅनेल घेतलं होतं. दिवसभरात बॅटरी भरतच नव्हती. कंट्रोलर बदलून झाला होता, आता दोष बॅटरीवर येऊ पाहत होता. पॅनेल मात्र टाकीच्या सावलीत. ‘‘इथेही मीटर चौतीस व्होल्ट दाखवतो, मग उन्हात तापवायचं कशाला?’’ विक्रेत्यानेही दुकानात, छताखाली, व्होल्ट दाखवूनच पॅनेल गळ्यात मारलं होतं. ही पद्धत मला अजिबात पटत नाही.

मी पॅनेलच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या आणि डीसी क्लॅम्प मीटर लावला. एकट्या पॅनेलला अशा शॉर्टने काही होत नाही. पण भर उन्हात ते कनेक्टर तसेच उपटले तर ठिणगीचा जाळ होतो, म्हणून जोडताना-सोडताना पॅनेल झाकायचं. करंट आला 1.2 अँपिअर. लेबलवर 9.5.

पॅनेल उन्हात हलवलं. करंट 8.3. पॅनेल तापल्यावर वायरी सुट्या करून व्होल्ट पाहिले, तर तेहेतीस. सावलीपेक्षा एक कमी! गृहस्थ मीटरकडेच संशयाने पाहू लागले.

मग तिथेच बसून सेल समजावला. सिलिकॉनची पापुद्र्यासारखी चकती, जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. वरच्या पातळ थरात किंचित फॉस्फरस, खाली किंचित बोरॉन. दोन्ही थर भेटतात तिथे कायमचं विद्युत क्षेत्र तयार होतं. प्रकाशाचा पुरेशा ऊर्जेचा कण आत शिरला की एक इलेक्ट्रॉन जागेवरून सुटतो. ते क्षेत्र त्याला वरच्या बाजूला ढकलतं. तिथल्या चांदीच्या बारीक रेघा त्याला गोळा करतात आणि तो वायरीतून, बॅटरीतून फिरून मागच्या बाजूने परत येतो. इलेक्ट्रॉन खर्च होत नाही, फक्त फिरत राहतो.

म्हणजे जितके प्रकाशकण, तितके इलेक्ट्रॉन, तितका करंट. सावलीत कण सातपटीने कमी, म्हणून करंटही तितकाच कमी. व्होल्टचं तसं नाही. तो दाब त्या सांध्याच्या गुणधर्मावर ठरतो, एका सेलला साधारण 0.6 व्होल्ट. साठ सेल एकापुढे एक जोडलेले, म्हणून छत्तीसच्या आसपास. कोणी करंट घेतच नसेल, तर थोड्या उजेडातही हा दाब जवळजवळ पूर्ण भरतो. उलट सेल तापला की तो घटतो, दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्ट. पॅनेल उजेडावर चालतं, उष्णतेवर नाही.

बॅटरी भरते ती व्होल्ट आणि करंट यांच्या गुणाकाराने. करंट घेऊ लागलं की दोन्ही आकडे मीटरवरच्यापेक्षा थोडे उतरतात, म्हणून सावलीत तो जेमतेम तीस वॉट होता, उन्हात दोनशेच्या थोडा वर.

गृहस्थांचा पुढचा प्रश्न: ‘‘मग टाकीची सावली फक्त एका कोपऱ्यावर आली तर चालेल?’’ नाही चालणार. सेल रांगेत आहेत, करंट सगळ्यांतून एकच वाहतो, झाकलेला सेल तो अडवतो. बायपास डायोड त्याची ओळ वगळतो, पण साठ सेलच्या पॅनेलमध्ये अशा ओळी बहुधा तीनच असतात. एका कोपऱ्यापायी तिसरा हिस्सा जातो. टाकी हलवायची की पॅनेल, हे ते अजून ठरवतायत.