वर्षभरात तीनदा पेट्रोल भरलेल्या गाडीची गोष्ट

लीड्सला आल्यावर दुसऱ्या वर्षी आम्ही जुनी प्लग-इन हायब्रिड गाडी घेतली. रात्री घराबाहेर चार्जिंगला लावली की ती बॅटरीवर साधारण ४० किलोमीटर जाते आणि माझे कार्यालय जाऊन-येऊन १८ किलोमीटरवर आहे. त्यामुळे पहिल्या वर्षात मी फक्त तीनदा पेट्रोल भरले. भारतातून फोन आला की हा आकडा मी अभिमानाने सांगत असे. सहा-सहा महिने टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलचे आणि न चालणाऱ्या इंजिनातल्या ऑइलचे काय होते, हा प्रश्न मात्र जानेवारीतल्या एका सकाळी ऑइलचे झाकण उघडेपर्यंत मला पडला नव्हता.

झाकणाच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा फिकट पिवळा थर जमला होता. ऑइलची पातळी मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, पुसून पुन्हा बुडवली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही थोडे वर दिसले आणि त्याला पेट्रोलचा स्पष्ट वास येत होता. न वापरलेल्या इंजिनात ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढले कसे, हे मला कळेना.

गल्लीतल्या गॅरेजचे वयस्क मेकॅनिक आधी इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, म्हणजे कूलंटची पातळी पाहून आले. ती कमी झाली असती, तर हेड गॅस्केट या इंजिनातल्या सीलमधून ते पाणी ऑइलमध्ये उतरत असल्याची शंका घ्यावी लागली असती. पण पातळी जागच्या जागी होती आणि डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ नव्हते. मग त्यांनी विचारले, "थंडीत हीटर लावल्यावर इंजिन सुरू होते का?" होत असे. माझ्या गाडीत कडाक्याच्या थंडीत हीटरला लागणारी उष्णता इंजिनातूनच येते. कार्यालयाला जाताना आणि परतताना ते तीन-चार मिनिटे चालून बंद पडे. आठवड्याचे पाच दिवस आणि थंडीचे बारा आठवडे धरले, तर इंजिन १२० वेळा गार अवस्थेत सुरू झाले आणि एकदाही पुरते तापले नाही.

खरे नुकसान या अर्धवट चालण्याने होते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातला बहुतेक भाग एक्झॉस्टमधून निघून जातो, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून खाली सरकते आणि गार धातूवर थेंब होऊन ऑइलमध्ये मिसळते. शिवाय गार इंजिनाला जास्त पेट्रोल द्यावे लागते. त्यातले न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. ऑइल ९०-१०० अंशांपर्यंत तापले, तर हे पाणी आणि बरेचसे पेट्रोल वाफ होऊन बाहेर पडते. डॅशबोर्डवरचा काटा मात्र कूलंटचे तापमान दाखवतो आणि ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, हे मला तेव्हाच समजले.

पेट्रोलबद्दल मला उलट थोडा दिलासा मिळाला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल ई१० आहे, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. तरीही दहा लिटर ई१० मधून पाणी वेगळे होऊन तळाशी बसायला साधारण ५० मिलिलिटर पाणी लागते, आणि बंद टाकीत नुसत्या दमट हवेतून एवढे पाणी सहसा येत नाही. प्लग-इन गाड्यांची टाकी बहुधा हवाबंद असते, कारण पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा इंजिन चालल्याशिवाय मोकळा होत नाही. म्हणूनच पेट्रोल भरण्यापूर्वी मला बटण दाबून काही सेकंद थांबावे लागते. आतला दाब सुटल्याचा फुस्स आवाज आला की मगच झाकण उघडते. अशा टाकीत हलके घटक उडून जात नाहीत. ऑक्सिजनशी होणारी प्रक्रिया मात्र सुरूच राहते आणि कालांतराने चिकट डिंक तयार होऊन इंजेक्टरमध्ये अडकू शकतो. शेवरोले व्होल्ट या गाडीत तर पेट्रोल सरासरी वर्षभर जुने झाले की गाडी स्वतःच इंजिन चालवून ते जाळत असे.

त्या दिवशी ऑइल आणि फिल्टर बदलले. आता किलोमीटर कितीही कमी झाले, तरी वर्षातून एकदा ते बदलतोच. टाकी पूर्ण भरत नाही. दहा-बारा लिटर ठेवतो आणि तेवढे दोन-तीन महिन्यांत संपवतो. महिन्यातून एका रविवारी बॅटरी राखून ठेवण्याचे बटण दाबून मोटरवेवर सलग पाऊण तास इंजिनावर गाडी चालवतो. जागेवर उभी करून इंजिन चालू ठेवले, तर ऑइल नीट तापत नाही, म्हणून तो सोपा मार्ग मी सोडून दिला. छोट्या फेऱ्यांना हीटर बंद ठेवून सीट गरम करण्याचे बटण वापरतो. बायकोला हे अजून पसंत नाही, आणि मुलगी सोबत असली की हीटर लावतोच.

या फेब्रुवारीत झाकण पुन्हा उघडून पाहिले. कडेला किंचित ओल होती, पिवळा थर नव्हता, आणि डिपस्टिकवरचे ऑइल दोन खुणांच्या मध्ये होते.