जी२ला जोर कोणाचा?

गणपतीत वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी गेलो की दुपारी पत्ते नाहीतर बुद्धिबळ, हे ठरलेलं. यंदा दुसऱ्याच दिवशी धुवाधार पाऊस, त्यात लाईट गेली. पत्त्यांची मंडळी घोरत पडली आणि मी पडवीत पट मांडला. समोर भाचा, सोहम, वय तेरा. मी कॉलेजात असताना स्पर्धा खेळलेलो आहे. इटालियन, सिसिलियनच्या आठ-दहा खेळ्या आजही झोपेत सांगू शकतो. पोराला त्यातलं काही येत नाही, हे मला माहीत होतं. त्यालाही ते माहीत होतं, म्हणूनच तो सापशिडीतला फासा घेऊन आला.

"मामा, आज ९६० खेळूया."

प्रकार ऐकून माहीत होता. बॉबी फिशरने १९९६ मध्ये जाहीर केलेला. प्यादी नेहमीच्याच ओळीत, पण मागच्या ओळीतली मोहरी चिठ्ठी टाकल्यासारखी मांडायची. अटी दोनच: दोन उंट वेगवेगळ्या रंगाच्या घरांत हवेत आणि राजा दोन हत्तींच्या मधे कुठेतरी हवा. काळ्याची मांडणी समोरासमोर तशीच. एकूण ९६० मांडण्या होतात आणि आपली रोजची मांडणी त्यातलीच एक.

फासा टाकायची पद्धत सोहमने दाखवली. पहिल्यांदा एक पडला. डावीकडून पहिलं काळं घर म्हणजे ए१, तिथे उंट. मग दोन, म्हणजे दुसरं पांढरं घर, डी१, तिथे दुसरा उंट. (पाच-सहा पडले तर पुन्हा टाकायचा.) वजिरासाठी परत एक, म्हणजे उरलेल्यातलं पहिलं रिकामं घर, बी१. घोड्यांसाठी तीन आणि तीन: एफ१ आणि जी१. उरलेल्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती. म्हणजे डावीकडून उंट, वजीर, हत्ती, उंट, राजा, घोडा, घोडा, हत्ती. कोपऱ्यात उंट बघून मला उगीचच हसू आलं.

पांढरी त्याच्याकडे. त्याने बी प्यादं एक घर पुढे ढकललं, बी३. मला वाटलं, पोराला सुचत नाहीये. मी सवयीने वजिरासमोरचं म्हणून ओळखीचं असलेलं डी प्यादं दोन घरं टाकलं. वजीर त्याच्यामागे नव्हताच, पण हात गेला तो गेलाच. सोहमने ए१चा उंट उचलला, तिरका सरळ नेला आणि जी७चं प्यादं मारलं.

मी एच८च्या हत्तीला हलवायला गेलो तर हत्तीला जागाच नाही. शेजारी जी८वर माझाच घोडा, पुढे एच७वर माझंच प्यादं. एफ८चा घोडा जी६वर आणला, म्हणजे निदान हत्ती मारणारा उंट मला घेता येईल. तसंच झालं. तिसऱ्या खेळीअखेर माझा हत्ती आणि एक प्यादं गेलं, बदल्यात एक उंट आला. पुढचा डाव सांगण्यासारखा नाही.

"तुमचा जी सात बिनजोर होता, मामा. थंयसर बघूचा आधी," पोरगं म्हणालं.

हरल्यापेक्षा हे जास्त लागलं. नेहमीच्या मांडणीत पहिल्या खेळीला प्रत्येक प्याद्याला कोणाचा तरी जोर असतोच. एफ२ला फक्त राजाचा असतो, म्हणून तिथे हल्ले होतात, पण पूर्ण बिनजोर असं एकही नसतं. त्यामुळे चाळीस वर्षांत मी पहिल्या खेळीआधी प्याद्यांचा जोर मोजलेला नाही. मोजायचं कारणच पडलं नव्हतं.

ठरलं होतं की तीच मांडणी रंग बदलून परत खेळायची. आता पांढरी माझी. मी दहा मिनिटं मागून घेतली आणि कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागे लिहून काढलं. ए२ला वजिराचा जोर. बी२ला वजीर आणि उंट. सी२ला तिघांचा. डी२ला राजा आणि एफ१चा घोडा. ई२ला राजा, डी१चा उंट आणि जी१चा घोडा. एफ२ला राजा. एच२ला हत्ती आणि घोडा. राहिलं जी२. त्याला कोणाचाच नाही, आणि काळ्याचा ए८चा उंट बी७चं प्यादं हललं की थेट त्याच्यावर डोळा ठेवणार. म्हणजे जे माझं झालं तेच मला त्याचं करता येईल, आणि त्याला माझं.

मग दुसरी यादी: कोण कुठल्या दाराने बाहेर पडणार. ए१च्या उंटाचं दार म्हणजे बी प्यादं. डी१च्या उंटाला सी किंवा ई प्यादं हलायला हवं. वजिराला सी प्यादं. घोड्यांना दार लागतच नाही. याच पानावर एक गंमत सापडली. कॅसलिंगमध्ये राजा आणि हत्ती सुरुवातीला कुठेही असोत, शेवटी नेहमीच्याच घरांत जातात. डाव्या बाजूला केलं तर राजा सी१वर आणि हत्ती डी१वर. इथे हत्ती आधीच सी१वर, म्हणजे फक्त डी१चा उंट बाहेर पडला की झालं, दोघं एकमेकांना ओलांडतील. मोह झाला. पण त्यासाठी मधलं प्यादं हलवून उंट काढायचा, आणि राजा जाऊन बसणार वजिराच्या कुशीत, जिथली बी आणि सी प्यादी मला पुढे ढकलायची आहेत. उजवीकडे मात्र दोन घोडे बाहेर आले की एफ१, जी१ मोकळी. घोडे तर काढायचेच आहेत. शिवाय राजा जी१वर गेला की जी२ला जोर मिळतो. एकाच खेळीत दोन कामं.

पहिली खेळी मीही बी३च केली. सोहम हसला नाही, विचारात पडला. जी७ वाचवायला त्याने जी६ केलं तर वाट उघडून हत्ती मरतो. ई५ने वाट अडवली तर तेच प्यादं फुकट जातं. बी६ करून माझ्या जी२वर उलटा हल्ला केला, तर मी आधी मारणार, पण तोही मारणार, आणि दोघांचेही हत्ती जाणार. त्याने घोडा एफ६वर आणून वाट बंद केली. उंटाने घोडा मारून त्याची प्यादी विस्कटता आली असती. पण ती एवढी मोठी तिरकी पट्टी सांभाळणारा उंट दुसऱ्या खेळीला देऊन टाकायला मन झालं नाही. उलट माझ्या जी२ची आठवण ठेवून मीही घोडा एफ३वर आणला. तो बी६. माझा दुसरा घोडा जी३वर, त्याचाही जी६वर. इथे तो एच प्यादं चढवून माझ्या घोड्याला हाकलायला बघेल अशी धास्ती होती, त्याला एच४ने अडवायचं मी मनात ठरवून ठेवलं होतं. गरज पडली नाही. चौथ्या खेळीला मी कॅसलिंग केलं, त्यानेही केलं.

आता मधलं कुठलंच प्यादं हललेलं नव्हतं, आणि माझी बोटं आपसूक ई प्याद्याकडे गेली. ई४. अर्ध्यावर थांबलो. मारणारे किती? एफ६चा घोडा आणि, मधली वाट मोकळी असल्यामुळे, ए८चा उंट. दोन. राखणारा किती? जी३चा घोडा, एकटा. बी१चा वजीर त्याच तिरक्या रेषेत आहे, पण सी२चं प्यादं त्याच्या तोंडावर. म्हणजे ई४ टाकलं असतं तर एक प्यादं गेलंच.

डी३ करून ई४ला जोर देता आला असता. पण मग वजिराचं तोंड पुन्हा बंद. मी सी४ खेळलो. या एका प्याद्याने वजिराची नजर डी३, ई४, एफ५वरून थेट जी६च्या घोड्यापर्यंत गेली, डी१च्या उंटाला सी२ मिळालं, आणि ई४ला राखणारे दोन झाले. नेहमीच्या मांडणीत मी सी४ करतो ते डी५वर ताबा मिळवायला. इथे केलं ते वजिराचं दार उघडायला. खेळी तीच, कारण अगदी वेगळं.

सोहमनेही सी५ केलं. त्यानेही मोजलं असणार, कारण त्या क्षणी त्याने ई५ केलं असतं तर माझा घोडा आणि उंट दोघं तुटून पडले असते आणि राखायला त्याचा जी६चा घोडा एकटा. पण खेळी माझी होती, म्हणून ई४ आधी मला मिळालं. आता मारणारे दोन, राखणारे दोन. त्याने हिशेब केला: घोड्याने प्यादं, घोड्याने घोडा, उंटाने घोडा, वजिराने उंट. शेवटी त्याचं एक मोहरं जास्त जातं. त्याने डी६ केलं. मी डी४, मारामारी झाली, माझा घोडा डी४वर आला. नवव्या खेळीला डी१चा उंट एफ३वर आणला आणि ई४ला आणखी एक जोर मिळाला. मागच्या ओळीत आता वजीर, दोन हत्ती, राजा आणि कोपऱ्यातून लांबवर बघणारा ए१चा उंट एवढेच. आठ खेळ्यांत सिसिलियन मांडून झाल्यावर पटाकडे बघून जसं वाटतं तसंच वाटत होतं, फरक इतकाच की यातली एकही खेळी मला आधीपासून पाठ नव्हती. प्रत्येकीला दोन-तीन मिनिटं लागली होती.

आतून आईचा आवाज आला, "आधी आरती, मगे तुमचो खेळ!" पट तसाच झाकून ठेवला. रात्री भजनी मंडळी येईपर्यंत डाव खेचला, शेवटी प्रत्येकी एक हत्ती आणि चार-चार प्यादी उरली, आणि बरोबरीवर सोडला. मधे मला एक प्यादं जिंकायची संधी होती असं सोहमचं म्हणणं. मला ती अजून दिसलेली नाही.

सकाळी चहा घेताना पुन्हा फासा वाजला. या वेळी डावीकडून हत्ती, राजा, उंट, घोडा, हत्ती, उंट, घोडा आणि कोपऱ्यात वजीर. पोरगं पहिली खेळी करायला घाई करत होतं. मी त्याला थांबवलं आणि ए२पासून एकेका प्याद्यावर बोट ठेवत गेलो. सी२ला फक्त राजा, डी२ला फक्त उंट, एफ२ला फक्त घोडा, एच२ला फक्त वजीर. बिनजोर एकही नाही.

"झाला मोजून?" त्याने विचारलं.

"माझा झाला. आता हा राजा बी१वरून कुठे न्यायचा ते बघतोय," मी म्हटलं आणि चहाचा कप पटापासून लांब सरकवला.