भंगारातलं पाणी

"सर, हॅझार्ड आणि रिस्क, दोन्हीला आपण धोकाच म्हणतो. मग सुरक्षेच्या तक्त्यात दोन वेगळे रकाने कशाला?"

गोंधळ आपल्या बोलण्यातूनच सुरू होतो. म्हणून वर्गात मी हॅझार्डला धोका म्हणतो आणि रिस्कला जोखीम. ज्याच्यात इजा करण्याची ताकद आहे तो धोका. त्यातून कुणाला तरी इजा होण्याची शक्यता किती आणि झाली तर ती किती गंभीर, हे दोन्ही मिळून जोखीम. जिन्याच्या पायाशी सांडलेलं तेल आणि कुलूपबंद खोलीतल्या कोपऱ्यात सांडलेलं तेल, धोका एकच. पण शिफ्ट सुटताना जिन्यावरून चाळीस माणसं उतरतात, त्या खोलीत महिन्यातून एकदा कुणीतरी जातं.

मला स्वतःला हे समजलं ते शिरोलीच्या एका फौंड्रीत, जुलैमध्ये. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. भंगाराचा ढीग उघड्यावर होता. इंडक्शन भट्टीत अर्धं लोखंड वितळलेलं होतं आणि भट्टीवरचा माणूस वरून भंगार टाकत होता. त्यात पाइपचा एक तुकडा आला, दोन्ही तोंडं चेपलेला. तो रसात बुडाला आणि क्षणभरात आवाज होऊन रस भट्टीबाहेर उडाला. माणूस पुढचा तुकडा उचलायला मागे वळला होता, एवढ्यानंच तो वाचला. नंतर मला म्हणाला, "सायेब, वरनं कोरडा दिसत होता की."

घडलं काय, ते नीट बघा. भट्टीतला रस 1400 अंशांच्या आसपास असतो. पाण्याची वाफ झाली की ती जवळजवळ 1,700 पट जागा मागते, आणि तेही उकळबिंदूला. तापमान वाढेल तशी आणखी. म्हणजे अर्धा कप, 100 मिलिलिटर पाण्याची 170 लिटर वाफ. हे पाणी रसाच्या वर असतं तर फसफसून निघून गेलं असतं. ते रसाखाली, बंद पाइपात अडकलं होतं. वाफेला वाट नव्हती, म्हणून तिनं डोक्यावरचा रस उडवला.

आता तोच ओला पाइप सकाळी, भट्टी थंड असताना, पहिल्या चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत भरायच्या पहिल्या मालात, टाकला असता तर? तोंडं उघडी असती, तर भट्टी तापत जाताना पाणी सावकाश सुकून गेलं असतं. माल तोच, भट्टी तीच, पाणीही तेवढंच. धोका बदलला नाही, जोखीम मात्र कितीतरी कमी झाली. (तोंडं बंद असतील तर थंड भट्टीतही तो टाकायचा नाही, आत दाब साठतो.) त्यामुळे तक्त्यात धोक्याच्या रकान्यात नुसतं "भट्टी" लिहून भागत नाही. धोका: वितळलेलं लोखंड आणि भंगारातलं पाणी. जोखीम: चार्जिंग करताना बंद तुकडा रसात गेला, तर रस उडून भट्टीवरचा माणूस भाजेल, त्यात जीवही जाऊ शकतो.

या वाक्याला आकडे द्या. गंभीरता पाचपैकी 5. पावसात ढीग उघडा, तुकडे कुणी तपासत नाही, म्हणून शक्यता 4. गुणाकार 20. त्या दिवशी रजिस्टरमध्ये "किरकोळ" अशी नोंद झाली, कारण कुणाला खरचटलंही नव्हतं. ती नोंद चूक होती, असं मी आजही ठामपणे म्हणतो. काय झालं यावर गंभीरता ठरत नाही. काय होऊ शकलं असतं, यावर ठरते.

पुढे तिथे भंगारावर शेड आली, बंद तुकडे बाजूला काढून कापायला सुरुवात झाली, रस तयार असताना टाकायचा माल आधी तापवून सुकवू लागले. शक्यता 4 वरून 2 वर आली, गुणाकार 10. गंभीरता 5 च राहिली, कारण रसाचं तापमान कमी करता येत नाही. तोच तर आपला माल. पाणी काढता येतं, लोखंड नाही. अ‍ॅल्युमिनाइज्ड कोट आणि फेसशील्डनं भाजणं कमी होईल, पण रस उडण्याची शक्यता त्यानं तसूभरही घटत नाही. विद्यार्थी पीपीई लिहून शक्यतेचा आकडा खाली आणतात, तिथं मी लाल पेन वापरतो.

हे 4 आणि 2 कुठल्या यंत्रानं मोजलेले नाहीत. ते आपले अंदाज आहेत. म्हणून आकडा टाकण्याआधी भट्टीवरच्या माणसाला विचारा: आठवड्यात असे बंद तुकडे किती येतात? आमच्याकडं तो म्हणाला होता, "पावसाळ्यात रोज एखादा तरी." माझ्या तक्त्यात तोवर शक्यता 1 होती.