आमची वाटचाल : हळदीचे गोदाम आणि वायद्यातील फरक

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची पेढी वडिलांनी अडतीच्या व्यवसायाने सुरू केली आणि पुढे आम्ही तिला हळद दळण्याच्या लहानशा कारखान्याची जोड दिली. अडत्याला आजच्या सौद्यातील भाव कळला की त्याचे काम भागते. कारखानदाराला मात्र फेब्रुवारी ते मे या काळात आलेला माल वर्षभर पुरवायचा असतो, आणि त्यामुळे आजचा भाव व चार महिन्यांनंतरचा भाव यांतील अंतर हा आमच्या धंद्याचा मूळ प्रश्न होऊन बसला. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात हळदीचे वायदे, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढच्या महिन्यात माल घेण्या-देण्याचे सौदे, 2004 साली सुरू झाले. त्यापूर्वीही सांगलीत हळदीच्या वायद्याचा स्वतंत्र बाजार होता, त्यामुळे येथील जुन्या व्यापाऱ्यांना वायदा नवा नव्हता. पण पडद्यावर एकाच वेळी चार-पाच महिन्यांचे भाव शेजारी शेजारी दिसू लागले आणि त्यांच्यातील फरक वाचण्याची सवय आम्हाला त्यानंतर लागली.

पुष्कळांचा समज असा असतो की ऑगस्टचा वायदा आजच्या हजर भावापेक्षा, म्हणजे प्रत्यक्ष मालाच्या आजच्या भावापेक्षा वर असेल, तर बाजाराला तेजी अपेक्षित आहे, आणि खाली असेल तर मंदी. आमच्या अनुभवात हा समज धंद्याला सर्वांत घातक ठरतो. हळद टिकणारा माल आहे. तो आज विकत घेऊन ऑगस्टपर्यंत ठेवता येतो. म्हणून ऑगस्टच्या भावाचा आजच्या भावाशी असलेला संबंध भविष्याच्या अंदाजापेक्षा माल सांभाळण्याच्या खर्चाशी अधिक जवळचा असतो. तेजीची अपेक्षा असेल तर लोक आजच माल उचलतात आणि हजर भावही लगेच वर जातो; दोन भावांतील अंतर त्याने फारसे बदलत नाही.

समजण्यासाठी सोयीचे आकडे घेऊ. एप्रिलअखेर हळकुंडाचा हजर भाव क्विंटलला 8,000 रुपये आहे असे मानू. बँकेचे व्याज वार्षिक 9 टक्के धरले तर चार महिन्यांचे 240 रुपये होतात. गोदामभाडे महिना 10 रुपये, म्हणजे 40. विमा, हमाली आणि माल तपासणी मिळून 50. वजनातील घट 1 टक्का धरली तर 80. एकूण 410 रुपये. म्हणजे ऑगस्टचा वायदा 8,410 च्या आसपास असेल, तर बाजार माल ठेवणाऱ्याला त्याचा खर्च नेमका भरून देत आहे, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. वायदा हजर भावाच्या वर असण्याच्या या स्थितीला कॉन्टँगो म्हणतात. मुंबईच्या जुन्या शेअर बाजारात सौदा पुढच्या मुदतीत नेण्याला बदला म्हणत; त्या भाषेत हा सीधा बदला.

आता ऑगस्टचा वायदा 8,700 असेल तर काय होते? जो कोणी आज 8,000 ने माल घेऊन त्याच वेळी ऑगस्टचा वायदा विकेल, त्याला खर्च वजा जाता क्विंटलमागे 290 रुपये जवळजवळ निश्चित मिळतात. एक लॉट 5 टनांचा, म्हणजे 50 क्विंटलांचा असतो. लॉटमागे 14,500 रुपये. त्यातून दलाली आणि मार्जिनवरील, म्हणजे वायद्यासाठी ठेवाव्या लागणाऱ्या अनामतीवरील, व्याज वजा करावे लागते, तरीही काही उरते. ज्यांच्याकडे पैसा आणि जागा आहे ते सर्व जण हेच करू लागतात, हजर माल उचलला जातो, ऑगस्टमध्ये विक्री वाढते आणि अंतर पुन्हा 410 कडे सरकते. म्हणून कॉन्टँगोला एक छत असते, आणि ते छत साठवणुकीच्या खर्चाचे असते. ते केवळ एका परिस्थितीत फुटते, ती म्हणजे ठेवायला जागाच उरली नाही तर. 20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकेतील कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला आणि त्याच दिवशी जूनचा वायदा अधिक 20.43 डॉलरवर होता. या वायद्याचे तेल जेथे ताब्यात घ्यावे लागते त्या ओक्लाहोमातील कुशिंग येथील टाक्या भरलेल्या किंवा आधीच राखून ठेवलेल्या होत्या. स्वस्त तेल उचलून महिनाभर ठेवण्याची सोयच नसल्यामुळे हे अंतर कोणी मिटवू शकले नाही. आपल्याकडे एमसीएक्स या वायदे बाजारातील कच्च्या तेलाचा एप्रिलचा सौदाही उणे 2,884 रुपयांवर मिटवला गेला.

सांगलीकरांना जागेचा हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हरिपूरच्या मातीत खणलेल्या पेवांत हळद ठेवण्याची पद्धत येथे पिढ्यान्‌पिढ्या होती. हवा बंद असल्याने किडीचा त्रास होत नसे आणि खर्चही अल्प असे. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि त्यानंतर माल हळूहळू पक्क्या गोदामांकडे गेला. भाडे आणि विमा वाढला, परंतु एक गोष्ट साधली. नोंदणीकृत गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावती बँकेत तारण ठेवता येते, आणि त्यामुळे वरच्या हिशोबातील सर्वांत मोठा आकडा, म्हणजे व्याज, आमच्यासारख्या लहान पेढीच्या आवाक्यात आला. ज्याचे व्याज कमी त्याचे छत खाली. मोठ्या व्यापाऱ्याला जे अंतर परवडते ते आम्हाला परवडत नाही, हे आम्ही प्रत्येक हंगामात नव्याने मोजतो.

खरी गुंतागुंत उलट्या बाजूला आहे. ऑगस्टचा वायदा 8,200 वर असेल, तर तो हजर भावाच्या वर असला तरी माल ठेवणाऱ्याचे 210 रुपये बुडतात. तोच 7,600 वर आला, तर ते बॅकवर्डेशन, म्हणजे उंधा बदला. अशा वेळी आज माल विकून ऑगस्टमध्ये स्वस्तात परत घेण्यात सरळ फायदा आहे. मग सर्व जण तसे करून हे अंतर का मिटवत नाहीत? कारण त्यासाठी हातात विकण्याजोगा जादा माल असावा लागतो, आणि टंचाईत नेमका तोच नसतो. पैसे उसने मिळतात, गोदाम भाड्याने मिळते. पण पुढच्या पिकातील हळद आज उसनी आणता येत नाही. म्हणूनच कॉन्टँगोला जसे छत आहे तसा बॅकवर्डेशनला तळ नाही.

ज्याच्याकडे माल आहे तोही पूर्ण विकत नाही, याचे कारण आमचा कारखानाच आहे. मसाला कंपनीला दर आठवड्याला ठरलेली पूड द्यायची असते. गोदाम रिकामे करून वायद्यावर विसंबलो आणि मधल्या काळात हवी ती प्रत मिळाली नाही, तर चक्की थांबते, मजुरी चालूच राहते आणि ग्राहक दुसऱ्याकडे जातो. हे टाळण्यासाठी आम्ही हजर मालाला वायद्यापेक्षा अधिक पैसे मोजायला तयार असतो. माल प्रत्यक्ष हाताशी असण्याचे हे मूल्य कोणत्याही बिलावर दिसत नाही, पण भरपूर आवकेच्या एप्रिलमध्ये ते जवळजवळ शून्य असते आणि शिल्लक तळाला गेली की साठवणुकीच्या सर्व खर्चाला ओलांडून जाते. बॅकवर्डेशन म्हणजे बाजाराने दडलेला माल बाहेर काढण्यासाठी आज देऊ केलेली जादा किंमत आहे.

हळदीत हे सर्वांत स्पष्ट दिसते ते दोन पिकांच्या सांध्यावर. मे-जूनमध्ये लावलेली हळद नऊ महिन्यांनी निघते, उकडून, वाळवून, पॉलिश होऊन फेब्रुवारीपासून बाजारात येते. त्यामुळे एप्रिल ते ऑगस्ट हे अंतर साठवणुकीच्या खर्चाने बांधलेले असते. डिसेंबर ते एप्रिल हे अंतर तसे बांधलेले नसते, कारण डिसेंबरचा वायदा जुन्या पिकाचा आणि एप्रिलचा नव्या पिकाचा. जुनी शिल्लक कमी आणि लावण चांगली असेल, तर डिसेंबर 9,000 आणि एप्रिल 8,200 असे भाव सहज दिसू शकतात. अशा वर्षी डिसेंबरचा माल एप्रिलपर्यंत ठेवला तर व्याज-भाड्यासह तो साधारण 9,450 ला पडतो, आणि तेव्हा नवी हळद 8,200 ने उपलब्ध असण्याची शक्यता असते. आमचा रिवाज त्यावरून ठरला. डिसेंबरात फरक उलटा दिसला की चक्कीला नवी आवक सुरू होईपर्यंत लागेल तेवढाच माल ठेवायचा, बाकी विकून टाकायचा आणि एप्रिलनंतरच्या मागणीपुरता एप्रिलचा वायदा घ्यायचा. उलट लावण घटल्याची खात्रीची बातमी असेल तर या सांध्यावरही कॉन्टँगो राहतो आणि जुना माल पुढच्या वर्षात नेण्याचा मोबदला मिळतो.

या हिशोबाच्या मर्यादाही आम्हाला पुरेशा भेटल्या. वायद्याचा पायाभूत भाव निजामाबादचा आहे, आमची खरेदी सांगलीच्या राजापुरी हळदीची. रंग आणि प्रत यांमुळे दोन्हींतील फरक स्थिर राहत नाही. त्यामुळे वायद्यातील माल उचलण्याऐवजी आम्ही बहुधा सौदा काटून, म्हणजे उलटा सौदा करून मिटवून, सांगलीतच खरेदी करतो, आणि हा स्थानिक फरक वाढला तर कागदावरचा फायदा त्यातच जिरतो. मुदतीच्या दिवशी वायदा आणि हजर भाव एकत्र येतात हे खरे, पण ते निजामाबादच्या हजर भावाशी येतात.

दुसरी मर्यादा रोकडीची. 2023 च्या वसंतात सात हजारांच्या आसपास असलेली हळद त्या ऑगस्टमध्ये सोळा हजारांच्या पुढे गेली. गोदामात माल ठेवून त्याच्यासमोर वायदा विकलेल्याचे एकूण नुकसान काहीच नव्हते, कारण माल तितकाच महागला होता. परंतु बाजार रोजच्या रोज फरक वसूल करतो. 9,000 रुपयांची वाढ म्हणजे लॉटमागे साडेचार लाख रोख, आणि गोदामातील नफा मात्र माल विकल्याशिवाय हाती येत नाही. काही पेढ्यांना हा ताण न पेलल्याने सौदे मध्येच काटावे लागले आणि त्यांचा सुरक्षित व्यवहार तेथेच सट्टा होऊन गेला. आम्ही वायद्यात विकायच्या लॉटची संख्या गोदामाच्या क्षमतेवरून न ठरवता, भाव दुप्पट झाला तर बँक किती रोख देईल यावरून ठरवत आलो आहोत, आणि त्यामुळे आमचा व्यवहार नेहमीच गोदामापेक्षा लहान राहिला.

आता दर हंगामात आवक शिगेला असताना आम्ही पहिला आकडा पाहतो तो भावाचा नव्हे, तर मे आणि ऑगस्टमधील अंतराचा. ते आमच्या खर्चाच्या तीन-चतुर्थांशाच्या वर असेल तर गोदाम भरतो आणि ऑगस्ट विकतो. निम्म्याच्या खाली असेल तर शिल्लक कमी आहे असे समजून चक्कीपुरतीच खरेदी करतो. मधल्या पट्ट्यात मात्र सांगली आणि निजामाबाद यांतील फरक काय म्हणतो ते पाहून, आणि त्या वर्षीचे व्याज विचारून, निर्णय होतो.