आमची वाटचाल: गोधड्या, रील्स आणि त्यांची कव्हरं

आम्ही दोघी जावा वाईला गोधड्या शिवतो. लोक आजीच्या, आईच्या जुन्या सुती साड्या पाठवतात आणि आम्ही त्यांची गोधडी करून परत देतो. धावदोरा हातानेच घालतो. इन्स्टाग्रामवर आल्यावर एक रील बरीच पसरली आणि रोज नवी माणसं प्रोफाइलवर येऊ लागली. पण मेसेज यायचे ते असे: "ब्लाउज पीस आहे का?", "ही साडी केवढ्याला?" आम्ही साड्या विकतो असंच त्यांना वाटत होतं.

आमच्या भाचीने स्वतःच्या फोनवर आमचं प्रोफाइल उघडून समोर धरलं आणि कारण कळलं. रीलला वेगळं कव्हर दिलं नाही, तर व्हिडिओतलीच एखादी फ्रेम प्रोफाइलवरच्या चौकटीत दिसते. आमच्या बहुतेक रील्सची सुरुवात साडी उलगडण्यापासून होती, म्हणून सगळीकडे साड्याच दिसत होत्या. पूर्ण झालेली गोधडी यायची शेवटच्या पाच सेकंदांत, आणि ती बघायला नवखा माणूस रील उघडतच नव्हता.

आधी आम्ही हौसेने नऊ चौकटींत मिळून एकच मोठी गोधडी दिसेल असं चित्र केलं. दुसऱ्या दिवशी एक रील टाकली आणि सगळ्या चौकटी एकेक घर सरकल्या, चित्र विस्कटलं. मग उभ्या तीन रांगांना तीन रंग ठरवले. त्यासाठी दर वेळी तीन रील्स एकदम टाकाव्या लागायच्या, आणि एक तयार असूनही बाकी दोनसाठी थांबून राहायची. तेव्हा ठरवलं, की शेजारी काय आहे यावर कुठलंच कव्हर अवलंबून ठेवायचं नाही. प्रत्येक कव्हर एकटं पाहिलं तरी आमचंच वाटलं पाहिजे.

आता कव्हर १०८० बाय १९२० पिक्सेलचं करतो. प्रोफाइलवर त्याचा मधला १४४० उंचीचा भागच दिसतो, म्हणजे वरचे आणि खालचे २४० पिक्सेल कापले जातात. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत चौकटी चौरस होत्या, तेव्हा मधले १०८०च दिसायचे. चौकटी उभ्या झाल्या तशी आमच्या जुन्या कव्हरांवर आजवर झाकलेली खालची पट्टीही दिसू लागली: सुयांचा डबा, चहाचा कप, कोणाचा तरी पाय. चौरस फोटोंचं उलट झालं. त्यांच्या डाव्या-उजव्या कडा कापल्या गेल्या आणि कडेपर्यंत लिहिलेला दर अर्धाच उरला. तेव्हापासून अक्षरं मधल्या चौरसातच ठेवतो. कोपरेही मोकळे सोडतो, कारण तिथे रीलची खूण आणि पाहणाऱ्यांचा आकडा येतो.

सर्वांत जास्त वेळ अक्षरांनी खाल्ला. गोधडी मुळातच रंगीबेरंगी, तिच्यावर थेट लिहिलेलं काहीच वाचता येत नाही. म्हणून मधोमध साधी एकरंगी पट्टी टाकतो. ग्राहकाच्या साड्यांची गोधडी असेल तर मरून, आमच्याकडची तयार असेल तर मोतिया. फोनवर चौकट जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटर रुंद असते, म्हणून दोन-तीनच शब्द, ठळक मुक्ता फाँटमध्ये. बारीक रेघेच्या फाँटमध्ये रफार आणि अनुस्वार आधी नाहीसे होतात. दोन ओळी असतील तर मधलं अंतर वाढवावं लागतं, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

एक उदाहरण सांगते. एका ताईंनी आईच्या चार साड्या पाठवल्या होत्या. त्या रीलवर आपोआप आलेली फ्रेम होती कात्री धरलेल्या हाताची, तीही हललेली. आम्ही ओसरीवरच्या पांढऱ्या भिंतीपुढे, सकाळच्या उजेडात, घडी घातलेल्या गोधडीचा फोटो काढला. शेजारी उरलेला साडीचा काठ ठेवला. मरून पट्टीवर लिहिलं, "आईच्या चार साड्या". रील पुन्हा टाकावी लागली नाही. संपादनात जाऊन कव्हर बदललं की झालं.

जुनी सगळी कव्हरं मात्र बदलली नाहीत. वरच्या आठ ओळी, म्हणजे चोवीस केली. प्रोफाइल उघडल्यावर पहिल्या दोन-तीन ओळीच समोर येतात, आणि फार खाली जाणारा माणूस आपल्याला ओळखू लागलेला असतो. पहिल्या ओळीत तीन रील्स पिन केल्यात: "साड्या कशा पाठवाल", "मापं आणि दर", आणि ही ताईंची.

कव्हरमुळे रील जास्त लोकांपर्यंत गेली असं आम्हाला दिसलं नाही. स्क्रोल करताना ती आपोआप सुरू होते, तिथे कव्हर बघतो कोण? बदल झाला तो मेसेजमध्ये. परवा पहिल्यांदाच आलेल्या एका काकूंनी विचारलं, "माझ्याकडे तीन सुती आणि एक सिल्कची आहे, सिल्कची आतल्या थरात चालेल का?"

चालते. फक्त ती आधी धुऊन पाठवा, रंग जात असेल तर तिथेच कळतं.