बायर्न-टिकेट की आधी काढलेलं स्वस्त तिकीट?

“ताई, न्यूर्नबर्गहून म्युनिकला एका दिवसासाठी जायचंय. बायर्न-टिकेट घेऊ, की आयसीईचं स्वस्त तिकीट आधीच काढून ठेवू? सगळे वेगवेगळं सांगतात.”

सगळे वेगवेगळं सांगतात, कारण कुणी एकट्याने गेलेला असतो, कुणी चौघांच्या टोळीत आणि कुणी सकाळी सातला. माझं उत्तर तुझ्याकडे डॉइचलांड-टिकेट नाही असं धरून आहे. असेल तर प्रादेशिक गाड्यांचे पैसे तू महिन्याचे आधीच भरलेस, आणखी कशाला मोजायचे? फक्त लक्षात ठेव, त्या पासावर शेजारी बसलेली मावसबहीण फुकट जात नाही. आईबाबा मे महिन्यात येतात तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यासाठी पुन्हा उभा राहतो.

आता दोन्ही तिकिटं काय आहेत ते बघू. बायर्न-टिकेट म्हणजे बव्हेरियाभर एक दिवस फिरायचा पास, पण फक्त प्रादेशिक गाड्यांसाठी. आरई, आरबी, एस-बान चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. बहुतेक शहरांतल्या यू-बान, ट्राम आणि बसही त्यात येतात. सोमवार ते शुक्रवार तो सकाळी नऊपासून चालू होतो. शनिवार-रविवार आणि बव्हेरियाभर सुट्टी असेल त्या दिवशी मध्यरात्रीपासून. संपतो दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला. एका पासावर पाच जणांपर्यंत जाता येतं. एकट्याचे 32 युरो आणि प्रत्येक वाढीव माणसामागे 10 असे आकडे मी हिशेबापुरते धरते. भाडी बदलत असतात, तेव्हा ॲपमध्ये आजचा दर बघून घे.

दुसरं म्हणजे सुपर श्पारप्राइस. हे एका ठरावीक आयसीईला बांधलेलं तिकीट. गाडी भरत जाते तसं ते महाग होत जातं, आणि एकदा काढलं की परत घेत नाहीत. शहरातल्या ट्रामचा त्यात समावेश नाही. हिशेबाला सोपं जावं म्हणून एका बाजूचे 18 युरो धरू. आधी शोधलंस, तारीख आणि वेळ थोडी मागेपुढे केलीस, तर या आसपास मिळू शकतं.

एकटी जाऊन त्याच दिवशी परत येणार असशील तर जाऊन-येऊन 36 युरो झाले. म्युनिकमध्ये दिवसभर फिरायचं तर शहराचा दिवसाचा पास साधारण दहा युरो. म्हणजे 46 विरुद्ध 32. तुझ्याकडे बानकार्ड 25 असेल तर 36 चे 27 होतात आणि फरक 37 विरुद्ध 32 एवढाच उरतो. बायर्न-टिकेटवर बानकार्डाची सवलत मिळत नाही, म्हणून कार्डवाल्या मैत्रिणीचा सल्ला आणि बिनकार्डवालीचा सल्ला कधी जुळत नाहीत. आता वेळ बघ. आयसीई तासाभरात, फार तर थोडं वर, पोचवते. आरई 1 इंगोलश्टाटवरून जाते आणि वाटेत वेगवान गाड्यांचाच रूळ वापरते, तरी तिला पावणेदोन तास लागतात. पाच युरोत येऊन-जाऊन तासाहून जास्त वेळ वाचत असेल तर मी आयसीईत बसते. चौदा युरो वाचत असतील तर आरईमध्ये बसून वाचत जाते. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असणार, आणि तो आधीच ठरवलेला बरा; नाहीतर ॲप उघडून बसलं की अर्धी संध्याकाळ जाते.

आजच जाऊन परवा परत यायचं असेल तर सगळंच फिरतं. पास एका दिवसाचा, तेव्हा दोन दिवसांचे दोन पास म्हणजे 64 युरो. तिथे 18 अधिक 18 आणि ट्रामची सुटी तिकिटं हाच सरळ मार्ग. उलट चौघी जाणार असाल तर विचार करत बसायची गरजच नाही. 32 अधिक 30 म्हणजे 62 युरो, डोई साडेपंधरा, आणि त्यात म्युनिकची ट्रामही आली. चौघींची आयसीई जाऊन-येऊन 144 होते. पास कागदी असेल तर त्यावर नावं लिहून ठेवा, आणि किती जणी ते विकत घेतानाच ठरवा. शेवटच्या क्षणी फलाटावर आलेल्या पाचवीला ओढून घेता येणार नाही.

पैशांचा हिशेब इथे संपतो. पण लोक अडकतात ते नऊ वाजताच्या अटीवर.

समज, वाणिज्य दूतावासात मंगळवारी साडेदहाची वेळ मिळाली. दूतावास म्युनिकमध्ये, आणि बव्हेरियातल्या आपल्या सगळ्यांना कधी ना कधी तिथे जावंच लागतं. नऊनंतर न्यूर्नबर्ग सोडणारी आरई 1 म्युनिकला पोचेपर्यंत अकरा वाजायला येतात. म्हणजे जायला पास बाद. मग लोक म्हणतात, जाताना आयसीई आणि येताना पास. पण येताना पासाचे पूर्ण 32 मोजावे लागतात आणि आयसीईचे 18 असतात. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना आयसीई घे आणि शहरात दोन सुटी तिकिटं काढ, ती साधारण चार युरोला एक पडतात. परतीची गाडी मात्र संध्याकाळची घे. सरकारी काम किती वेळ चालेल ते कुणालाच माहीत नसतं, आणि दुपारच्या दोनच्या गाडीला बांधलेलं तिकीट हातात असेल तर खिडकीसमोर उभं राहून सारखं घड्याळ बघावं लागतं.

हाच नऊचा खिळा लांबच्या सहलीत कसा काढायचा ते फ्युसेनच्या उदाहरणाने सांगते, कारण नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बघायला सगळेच जातात. कामाच्या दिवशी न्यूर्नबर्गहून नऊनंतर फक्त प्रादेशिक गाड्यांनी निघालीस तर फ्युसेनला पोचेपर्यंत दुपार होते. किल्ल्याच्या आतल्या फेरीची तिकिटं ठरावीक वेळेची असतात, ती निघून गेली की बाहेरून फोटो काढून परतायचं. म्हणून सकाळी आयसीईने म्युनिक गाठायचं, त्याचे 18. म्युनिकहून नऊनंतरच्या गाडीत बसून तिथून पुढे पास वापरायचा, त्याचे 32. फ्युसेनला जवळपास दोन तास, पुढे होहेनश्वानगाऊची बसही त्याच पासात. एकूण 50, आणि परतीचा सगळा प्रवास, अगदी आरई 1 ने घरापर्यंत, त्याच 32 मध्ये आला. शनिवारी-रविवारी ती सकाळची आयसीईही लागत नाही. पहाटेच्या गाडीने निघ, फक्त बसायला जागा मिळेल अशी फार आशा धरू नकोस.

या जोडणीत आयसीई आधी आणि पास नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. सकाळची आयसीई चाळीस मिनिटं उशिरा आली तरी पासाला काही होत नाही. तो कुठल्याच गाडीला बांधलेला नसतो, त्यामुळे पुढच्या गाडीत बसायचं. उलट केलंस, म्हणजे फ्युसेनहून पासावर म्युनिकला आलीस आणि पुढे न्यूर्नबर्गपर्यंत आयसीईचं वेगळं स्वस्त तिकीट काढून ठेवलंस, तर सगळा धोका तुझ्या गळ्यात. फ्युसेनचा फाटा बीसेनहोफेनपर्यंत एकेरी रुळाचा आहे. समोरची गाडी उशिरा आली की आपली क्रॉसिंगला थांबून राहते. म्युनिकला आयसीई निघून गेलेली असेल तर रेल्वेच्या लेखी ती दोन वेगळी तिकिटं आहेत, आणि दुसरं तू चुकवलंस. तेच फ्युसेन ते न्यूर्नबर्ग असं एकच सुपर श्पारप्राइस काढलं असतंस तर पहिल्या गाडीच्या उशिरामुळे जोड चुकली की बंधन सुटतं आणि पुढच्या आयसीईने जाता येतं. हे ॲपमध्ये दिसतं: तिकिटावर `Zugbindung aufgehoben` असं आलं की गाडीचं बंधन उठलं. मुक्कामाला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसत असेल तरीही ते उठतं. तेवढा स्क्रीनशॉट काढून ठेव आणि विचारलं तर दाखव.

पासवाल्यांना ही सोय नाही, हे कुणी आधी सांगत नाही. आरई रद्द झाली तरी बायर्न-टिकेटवर आयसीईत चढता येत नाही, कारण ते मोठ्या सवलतीचं तिकीट धरलं जातं. पुढच्या आरईची वाट बघायची, आणि आरई 1 काही दर तासाला धावतेच असं नाही. भरपाईतही तसंच. आयसीईचं तिकीट असेल तर तासाभराच्या उशिराला भाड्याचा पाव भाग आणि दोन तासांच्या उशिराला अर्धं परत मिळू शकतं. पासावर तासाहून जास्त उशिराला दीड युरो, आणि चार युरोच्या आतली रक्कम देतच नाहीत. थोडक्यात, काहीच मिळत नाही. परीक्षा, विमान, नोकरीची मुलाखत असं काही असेल तर मी पासावर जात नाही, मग तो कितीही स्वस्त पडो. विमानासाठी तर आयसीईसुद्धा एक सोडून आधीची धरते.

तू आज नेमकं काय करावंस? तारीख ठरली असेल तर आत्ताच ॲप उघडून आयसीईचे दोन्ही बाजूंचे भाव बघ. जाऊन-येऊन आणि वर शहरातलं भाडं धरून तुझ्या आकड्यात बसत असेल तर काढून टाक. बसत नसेल तर आज काहीच घेऊ नकोस. बायर्न-टिकेट संपत नाही, आदल्या रात्रीही त्याच दरात मिळतं आणि निघायच्या दहा मिनिटं आधीही मिळतं. गाडी भरली म्हणून ते महाग होत नाही. पावसाचा अंदाज असेल, बरोबर येणाऱ्या मैत्रिणीचं अजून नक्की नसेल, तर थांबायला काहीच हरकत नाही.

आणि फ्रँकफुर्टला जायचं असेल तर पासाचा विचार सोड. बव्हेरिया आशाफेनबुर्गच्या थोडं पुढे संपतो, तिथून पुढे वेगळं तिकीट लागतं. साल्झबुर्ग मात्र ऑस्ट्रियात असूनही स्टेशनपर्यंत याच पासावर होतं, कुफ्श्टाइनही. तिथल्या शहरी बसला तो चालत नाही, तेवढं बघ.