नऊ इंची भिंतीला आतून इन्सुलेशन लावताना

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या आमच्या व्हिक्टोरियन घराच्या भिंती नऊ इंची भरीव विटांच्या आहेत, मध्ये पोकळी नाही. अशी भिंत पावसात भिजते आणि आतून-बाहेरून दोन्हीकडे वाळते. आतून इन्सुलेशन लावलं की तिला घरातली ऊब मिळेनाशी होते आणि वाळायला जास्त वेळ लागतो. त्यात फॉइलचा फोम बोर्ड लावला तर आतल्या बाजूने वाळायची वाटच बंद होते. म्हणून आम्ही लाकडी तंतूंचे बोर्ड आणि चुन्याचा गिलावा घेतला.

आधी बाहेरची कामं केली. गळकी पन्हळ दुरुस्त केली, दरजांमधलं सिमेंट खरवडून त्या चुन्याने भरल्या. सिमेंटच्या दरजेतून पाणी बाहेर पडत नाही, मग ते विटेतून वाट काढतं आणि थंडीत विटेचे पापुद्रे निघतात. भिंत ओली असताना बोर्ड लावणं म्हणजे ओल आत कोंडणं.

आतला जिप्समचा गिलावा विटेपर्यंत काढला आणि सुमारे १० मिमी चुन्याचा थर देऊन भिंत सपाट केली. हा थर पूर्ण वाळल्यावरच बोर्ड चुन्याच्या मसाल्यात दाबून चिकटवले, वर वॉशरचे स्क्रू मारले. बोर्डामागे पोकळी राहिली तर खोलीतली दमट हवा तिथे शिरते आणि थंड विटेवर तिचं पाणी होतं. शेवटी जाळी घालून ८ मिमी चुन्याचा गिलावा आणि वर खनिज रंग. इथे प्लास्टिक इमल्शन लावलं तर सगळा खटाटोप वाया जातो.

बोर्डाची जाडी ४० मिमीच ठेवली. हिशेबाने अशा भिंतीची उष्णता-गळती दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकामागे २.१ वॅटवरून ०.७ वॅटच्या आसपास येते. ८० मिमीने ती ०.४ होते, म्हणजे पुढच्या ४० मिमीचा फायदा थोडाच, पण वीट मात्र आणखी थंड. माझ्या मते तो धोका घेण्यासारखा नाही. विशेषतः मजल्याच्या लाकडी तुळयांची टोकं याच भिंतीत रुतलेली असतात. त्यांत ओलाव्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिलं तर लाकूड कुजू लागतं, म्हणून एक फळी उचलता येईल अशी ठेवली आहे आणि मीटरने अधूनमधून मोजतो.

खिडकीच्या बाजूच्या कडांनाही २० मिमी बोर्ड लागतो, नाहीतर नेमकी तिथेच बुरशी धरते. जुन्या सरकत्या खिडकीच्या आत दुसरी काच बसवताना आतली चौकट पट्टीने घट्ट बंद केली आणि बाहेरच्या खिडकीच्या फटी थोड्या तशाच राहू दिल्या. मधल्या जागेतली वाफ त्या फटींतून निघून जाते. बाहेरच्या काचेवर आतून सतत दव दिसलं तर आतली पट्टी गळते आहे. दव आतल्या काचेवर खोलीच्या बाजूने दिसलं तर खोलीतच वाफ जास्त आहे. मग न्हाणीघरात सेकंदाला किमान १५ लिटर हवा ओढणारा पंखा हवाच.